मोडी पत्रातला 'रकीचा रुन' म्हणजे काय?

कास्तकार_नातू: आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या घरी पत्र्याच्या पेटीत एक मोडी पत्र सापडलं. फोटो जोडतो आहे. गावातल्या एका निवृत्त गुरुजींना मोडी वाचता येते, त्यांनी सांगितलं तसं मी देवनागरीत उतरवलं. एक ओळ मात्र लागत नाही: 'बैल जोडीस रकीचा रुन देणे'. रकी हे कोणाचं नाव आहे का? खाली रकमा आहेत आणि शेवटी 'शके १७?९ ईश्वरनाम'. मला घरच्यांसाठी आजच्या मराठीत सारांश लिहायचा आहे.

शब्दवेध: 'रुन' म्हणजे ऋण. जुने लोक ऋ लिहीत नसत आणि न-ण ची अदलाबदल सर्रास होई. म्हणजे रकी नावाच्या सावकाराचं कर्ज बैलजोडी देऊन फेडायचं. रक्कमही मोठी दिसते, १२११ रुपये!

पऱ्हाटी: माह्या घरी बी असाच कागद हाय, वावराचा. तलाठ्याले दाखवला तर म्हणे, वाचता येत नाही. हे सारांशाचं काम कोर्टात चालते का जी?

बोरूटाक: पऱ्हाटी, तुमचं काम वेगळं आहे. कोर्टासाठी अधिकृत मोडी वाचकाचं लिप्यंतर लागतं. पुराभिलेख विभागाच्या नागपूरच्या कचेरीत चौकशी करा.

आता मूळ ओळ. शब्दवेध यांचं ऋ आणि न-ण बद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण इथे ऋण नाही. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवतात, त्यामुळे दोन शब्दांमध्ये जागाच सुटत नाही. फोटोत आहे ते सलग असं: बैलजोडीसरकीचारुनदेणे. शब्द कुठे तोडायचे हे वाचणारा ठरवतो. गुरुजींनी 'जोडीस' वर तोडलं. 'जोडी' वर तोडून पाहा: बैलजोडी सरकी चारुन देणे. 'चारून' मधला ऊकार ऱ्हस्व आहे कारण मोडीत उकार एकच असतो.

हा केवळ माझा तर्क नाही. त्याच पत्रात हिशोबाची पहिली ओळ बघा, ती 'सरकी' नेच सुरू होते. ओळीच्या आरंभी असल्यामुळे तिथे वेगळं तोडायला वावच नाही, आणि 'रकी' चं वळण दोन्हीकडे तेच आहे. शंकेचा शब्द आला की तोच शब्द पत्रात दुसरीकडे शोधावा, एका जागी डोकं फोडत बसू नये.

शब्दवेध: सरकी पटली. पण १२११ चं काय?

बोरूटाक: ते एक नाहीत, उभ्या रेघा आहेत. आकड्यामागची एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ओळी अशा: सरकी १२॥, कडबा ७।, येकुण १९॥।. साडेबारा आणि सव्वासात मिळून पावणेवीस, बेरीज जुळते. १२११ आणि ७१ धरलेत तर खालचा आकडा कसाच येत नाही. मात्र जपा: 'मु॥ मंगरुळ' मधल्या याच दोन रेघा अर्धा दाखवत नाहीत, तिथे 'मुक्काम' शब्द आखडला आहे. आधी अंक आहे की अक्षर, त्यावरून अर्थ ठरतो.

कास्तकार_नातू: आणि 'ईश्वरनाम'? मी सारांशात 'देवाचं नाव घेऊन' असं लिहिणार होतो.

बोरूटाक: ते संवत्सराचं नाव आहे. साठ संवत्सरांच्या फेऱ्यात 'ईश्वर' शके १७३९ ला येतो आणि पुन्हा १७९९ ला. नेमका तोच अंक घडीवर फाटला आहे, ३ की ९ कळत नाही. पण पत्रात 'आगगाडीने बडनेऱ्यास उतरोन' आहे. शके १७३९ म्हणजे इ.स. १८१७, तेव्हा इथे रेल्वे कुठली? भुसावळकडून आलेला मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. म्हणून १७९९, आणि महिना वैशाख असल्याने इ.स. १८७७.

सारांशाआधी ओळीला ओळ असं लिप्यंतर जपून ठेवा. त्यात शुद्धलेखन सुधारू नका आणि शंकेच्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह टाका. ते नसलं तर आपण कुठे अंदाज केला हे पुढच्या माणसाला कळणार नाही.

कास्तकार_नातू: असं लिहिलं: 'वैशाख, शके १७[९?]९. पेरणीसाठी आणलेली बैलजोडी सरकी चारून परत द्यावी. सरकीचे साडेबारा आणि कडब्याचे सव्वासात, एकूण पावणेवीस रुपये. आगगाडीने बडनेऱ्याला उतरून यावं. मुक्काम मंगरूळ.'

शब्दवेध: 'परत' कुठून आलं? पत्रात नुसतं 'देणे' आहे. चारा घालून धडधाकट जोडी पाठवा, असाही अर्थ होतो. मग पावणेवीस कोणी कोणाला द्यायचे तेही उलटतं.

बोरूटाक: हे खरं. 'परत' काढा, 'द्यावी' एवढंच ठेवा. 'पेरणीसाठी' हा शब्दही मला फोटोत दिसत नाही.

पऱ्हाटी: अन् मंगरूळ कोणतं? मंगरूळपीर, मंगरूळ दस्तगीर का मंगरूळ चव्हाळा?

कास्तकार_नातू: घरचे मंगरूळ दस्तगीर म्हणतात, आजोबांची मावशी तिथली होती.

बोरूटाक: नातं पुरावा होत नाही, सारांशात फक्त मंगरूळ लिहा. पत्र दुमडून पाठवलं असेल तर बाहेरच्या अंगावर पत्ता असेल. मागच्या बाजूचा फोटो टाका, फ्लॅश न लावता, खिडकीच्या तिरप्या उजेडात. घडी उलगडताना पाणी लावू नका.

कास्तकार_नातू: मागे दोन ओळी आहेत, फार पुसट. उद्या सकाळी फोटो काढतो.