मदत हवी आहे: मोकळे केस बसवले, पण उडत्या केसांभोवती पांढरं धुकं दिसतं

सेलूचा_स्टुडिओ
नमस्कार मंडळी. एका ताईंचा साखरपुड्याचा फोटो आहे. संध्याकाळी लिंबाच्या झाडाखाली काढलेला, मागे गडद हिरवं, केस घट्ट अंबाड्यात. त्यांना तोच फोटो मोकळ्या केसांचा हवाय. म्हणून स्टुडिओत पांढऱ्या पडद्यासमोर, मान त्याच कोनात ठेवून, त्यांच्याच मोकळ्या केसांचा फोटो काढला.

फोटोशॉपमध्ये Select and Mask उघडलं, कडेवरून Refine Edge Brush फिरवला, Decontaminate Colors चालू केलं. मुख्य केस बसले, पण सुट्या बारीक केसांभोवती पांढुरकं धुकं दिसायलंय. Shift Edge उणे केलं तर धुकं जातं, पण बारीक केसही जातात आणि डोक्यावर टोप घातल्यासारखं दिसतं. १२×१८ ची प्रिंट द्यायचीय. काय करू?

कॅमेरा_जालना
भाऊ, ते टूल सोडा. चॅनेल्समध्ये जाऊन ब्लूची कॉपी करा, Levels ने केस काळे आणि मागचं पांढरं करा, त्याचाच मास्क. केसांसाठी कायम ब्लूच घ्यायचा.

ब्युटी_बीड
फोटोआधी हातावर दोन थेंब खोबरेल तेल चोळून केसांवरून फिरवलं तर असे केस उडतच नाहीत. मी नवरीला तेच करते.

सेलूचा_स्टुडिओ
ताई, उडते केस काढायचे नाहीत, टिकवायचे आहेत. तेच नसले की खोटं दिसतं.

रिटच_लातूर
चॅनेलचा मार्ग बरोबर आहे, पण "कायम ब्लू" नको. काळे केस पांढऱ्यावर तिन्ही चॅनेलमध्ये उठून दिसतात. ब्लूमध्ये बहुतेक वेळा दाणे जास्त असतात, ते मास्कमध्ये उतरतात. तिन्ही बघा, मला अशा फोटोत सहसा ग्रीन स्वच्छ मिळतो.

आता धुक्याचं मूळ. सुटा केस फोटोत एका पिक्सेलपेक्षाही बारीक असतो. त्या पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडा पांढरा पडदा मिसळलेला असतो. मास्क कितीही नेमका असला तरी तो पांढरा केसासोबतच येतो. म्हणून एकाच मास्ककडून दोन्ही कामं करून घेऊ नका, केसांचे दोन लेयर करा.

खालचा लेयर पडद्यासमोरच्या फोटोचा, Decontaminate न केलेला. त्याचा मोड Multiply. आधी Levels ने पडदा पूर्ण पांढरा, म्हणजे २५५ वर आणा. तो २४० वर राहिला तर झाडांवर राखाडी पडदा चढेल. पांढरं आपोआप नाहीसं होतं, गडद केस तेवढे उरतात. मऊ ब्रशने ढोबळ मास्क करून चेहरा, खांदे झाका.

वरचा लेयर Normal, मास्क घट्ट, फक्त केसांचा मुख्य भाग. सुटे केस यात घेऊच नका, ते खालून येतील. कडेला पांढरं उरलंच, तर वर एक लेयर क्लिप करून जवळच्या केसांचाच रंग उचलून त्या कडेवर फिरवा.

तपासायला केसांच्या मागे तात्पुरता भडक लाल लेयर टाका. हिरव्यावर लपलेली कड लालवर लगेच दिसते. आणि १०० टक्क्यांवर बघा, ४०० वर बघत बसलात तर जे छापल्यावर दिसणार नाही तेही पुसत बसाल.

नांदेडकर_गिंप
मी गिंप वापरतो. त्यात Color to Alpha ने पांढरा रंग थेट पारदर्शक होतो. मुलीच्या फोटोला केलं, पण तिच्या केसांवरची चमकही अर्धी पारदर्शक झाली, मागची भिंत दिसायला लागली. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला, त्यामुळे असेल का?

रिटच_लातूर
चमक गेली ती त्या कमांडमुळेच, तिला चमकीतला पांढरा आणि पडद्याचा पांढरा एकच. खाली मूळ केसांचा मुख्य भाग वेगळ्या लेयरवर ठेवा. व्हॉट्सॲपचा त्रास वेगळा: दाबलेल्या जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडापेक्षा ढोबळ साठवतात, बारीक केसाभोवती रंग पसरतो. मूळ फाइल मागवा.

सेलूचा_स्टुडिओ
पडदा २३६ वर निघाला! Levels करून तुमच्यासारखे दोन लेयर केले, धुकं गेलं. आता दोन अडचणी. कपाळावर केस चिकटवल्यासारखे दिसतात. आणि मूळ फोटोत मागून मावळतीचं ऊन आहे, अंबाड्याच्या कडेला सोनेरी रेघ आहे. नव्या केसांना ती नाही.

रिटच_लातूर
कपाळावर नवे केस थोडे मागून सुरू करा आणि तिथले त्यांचे मूळ केस, बारीक लव, तशीच दिसू द्या. केसांखाली कपाळावर Multiply मध्ये हलकी तपकिरी सावली द्या.

उन्हासाठी वर नवा लेयर, मोड Screen. दोन पिक्सेलचा ब्रश, पेन टॅब्लेटवर दाबानुसार टोक निमुळतं. उन्हाच्या बाजूने आठ-दहा केस, तेही खालच्या केसांच्याच वळणाने. दोन्हीकडे काढले की खोटं.

कॅमेरा_जालना
इथे मला पटत नाही. हाताने काढलेलं ऊन १२×१८ ला ओळखू येतं. मागून एक लाइट लावून केस पुन्हा शूट करा.

रिटच_लातूर
परत येणार असतील तर तेच चांगलं. पण मागून लाइट पडला की कडेचे केस उजळ होतात, मग पांढरा पडदा आणि Multiply दोन्ही चालणार नाहीत. काळा पडदा आणि Screen लागेल.

सेलूचा_स्टुडिओ
ताई उद्या येतायत. आज रात्री एका बाजूला हाताने काढून छोटी प्रिंट घेतो, ती त्यांना दाखवतो. काळा पडदाही धुऊन वाळत घातलाय.