शब्दचर्चा: अल्गोरिदमचा ‘वेग’, ‘कोटी’ की आणखी काही?

शिकाऊ, लोकमान्यनगर, इंदूर
दोन महिन्यांपासून पायथन शिकते आहे. घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या यादीत दोनदा आलेली नावं शोधायला मी हे लिहिलं:

```python
for i in range(len(names)):
    for j in range(i + 1, len(names)):
        if names[i] == names[j]:
            print(names[i])
```

क्लासमधल्या सरांनी बघून वहीत `O(n²)` लिहून दिलं, `n` म्हणजे नावांची संख्या. मी विचारलं, किती सेकंद ते का नाही लिहायचं? ते म्हणाले, सेकंदांवरून काही कळत नाही. पुढे तास संपला. या `O` ला मराठीत काय म्हणतात? आणि सेकंदांवरून का कळत नाही?

जुना प्रोग्रामर, तुकोगंज
‘वेग’ म्हण, सरळ शब्द आहे. `O(n)` जलद, `O(n²)` मंद. आणि `O` म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थितीत लागणारा वेळ, एवढं लक्षात ठेव.

गणिताच्या निवृत्त शिक्षिका, ग्वाल्हेर
‘वेग’ मला पटत नाही. वेग म्हटलं की माणूस विचारणारच, किती? त्याचं उत्तर `O(n²)` मध्ये नाही. हे अक्षर जर्मन ‘ऑर्डनुंग’ या शब्दातलं आहे. पॉल बाखमान यांनी १८९४ मध्ये ते संख्या सिद्धांतातल्या अंदाजांसाठी वापरलं, तेव्हा संगणक नव्हतेच. शब्दाचा रोख ‘कुठल्या दर्जाची वाढ’ यावर आहे. मी ‘कोटी’ सुचवते. महाराष्ट्राच्या पुस्तकांत बहुपदीची कोटी असते. `3n² + 5n + 7` ची कोटी २, कारण `n` मोठा झाला की बाकीच्या पदांचा प्रभाव उरत नाही. इथेही विचार तोच आहे.

डेटाबेसवाली, वडोदरा
शब्दाचं नंतर बघू, आधी तुझ्या यादीवरच करून पाहू. तुझा कोड प्रत्येक नाव पुढच्या प्रत्येक नावाशी ताडून बघतो. १,००० नावं असतील तर जोड्या होतात ४,९९,५००. नावं २,००० केलीस तर १९,९९,०००. ४,००० ला ७९,९८,०००. यादी दुप्पट झाली की काम जवळजवळ चौपट होतं. हे ‘चौपट’ तुझ्या संगणकावर आणि माझ्या संगणकावर सारखंच राहील; सेकंद मात्र दोघींचे वेगळे येतील, आणि तुझ्याच संगणकावर मागे दुसरं काही चालू असेल तर आणखी वेगळे. म्हणून दोन पद्धतींची तुलना करताना सेकंद बाजूला ठेवून वाढ बघतात.

जोड्यांचं नेमकं सूत्र `n(n-1)/2` आहे. मग वहीत त्यातलं निम्मं का गाळलं? निम्मं केलं तरी दुप्पट यादीला चौपट काम हे बदलत नाही, म्हणून.

तुकोगंजच्या काकांचं ‘वाईट परिस्थिती’ अर्धं बरोबर आहे. बहुतेकदा आपण वाईट परिस्थितीसाठीच `O` लिहितो, पण `O` चा अर्थ तो नाही. यादीत एकच नाव शोधायचं असेल तर ते पहिल्या जागीच सापडू शकतं किंवा शेवटपर्यंत जावं लागतं. या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि दोन्हींची वाढ `O` मध्ये लिहिता येते. आधी परिस्थिती ठरवायची, मग तिची वाढ लिहायची. हिच्या कोडमध्ये तर यादी कशीही असो, जोड्या तेवढ्याच तपासल्या जातात.

हिशेबनीस, राजेंद्रनगर, इंदूर
आमच्या सोसायटीची यादी जुन्या संगणकावर अडकायची. नवा लॅपटॉप घेतला, प्रश्न मिटला. मुलीने वर्गणीच्या यादीसाठी एवढा त्रास का घ्यावा?

डेटाबेसवाली, वडोदरा
दादा, तुमची यादी वाढत नसेल तर तुमचं बरोबर आहे. पण समजा लॅपटॉप दहापट जलद घेतला. तेवढ्याच वेळात हिचा कोड दहापट नावं नाही बघू शकणार, साधारण सव्वातीनपटच बघेल, कारण दहाचं वर्गमूळ ३.१६ आहे. काम यादीच्याच प्रमाणात वाढत असतं तर पूर्ण दहापट नावं मावली असती.

शिकाऊ, लोकमान्यनगर, इंदूर
ताई, मी करून बघितलं. दोन लूप नकोत म्हणून असं लिहिलं:

```python
seen = []
for x in names:
    if x in seen:
        print(x)
    seen.append(x)
```

आता लूप एकच आहे, म्हणजे `O(n)` झालं ना? पण `time.perf_counter()` ने वेळ मोजली तर २,००० वरून ४,००० नावांवर जाताना अजूनही चौपटच्या आसपास येते. आधीपेक्षा जलद आहे, तरी चौपट. मी मोजण्यात चुकते आहे का?

डेटाबेसवाली, वडोदरा
मोजणी बरोबर आहे. दुसरा लूप `in` च्या आत लपला आहे. `seen` ही लिस्ट आहे, म्हणून `x in seen` करताना पायथन पहिल्या नावापासून एकेक ताडत जातो. नावं सगळी वेगळी असतील तर आधी ०, मग १, मग २ अशी ताडणी होते, आणि १,००० नावांची बेरीज पुन्हा ४,९९,५०० च येते. जलद झालं कारण हा आतला लूप पायथनच्या गाभ्यात, सी भाषेत चालतो. प्रत्येक ताडणी स्वस्त झाली, वाढ तीच राहिली. सेकंद बघून तू समाधानी झाली असतीस. चौपट बघितलंस म्हणून पकडलंस.

आता फक्त `seen = set()` कर आणि `append` च्या जागी `add`. सेट नावावरून एक आकडा काढतो आणि त्यावरून थेट त्या जागी बघतो, म्हणून `in` ला लागणारा वेळ सरासरीने यादीच्या लांबीवर अवलंबून नसतो. ‘सरासरीने’ मी मुद्दाम म्हटलं. बरीच नावं एकाच जागी आदळली तर सेटही मंदावतो, पण अशा नावांच्या यादीत ती भीती धरू नकोस.

आणि मोजायचंच तर मोठ्या यादीवर मोज. वीस-तीस नावांवर लिस्ट आणि सेट यांत फरक दिसणार नाही, कदाचित लिस्टच पुढे जाईल. `O` तिथलं काही सांगत नाही.

शिकाऊ, लोकमान्यनगर, इंदूर
सेट केला. दुप्पट नावांना साधारण दुप्पट वेळ. एका ठिकाणी नावामागे रिकामी जागा होती म्हणून जोडी सापडलीच नव्हती, तिथे `strip()` लावावं लागलं.

शब्दाबद्दल एक अडचण. आमच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात अवकल समीकरणाची ‘कोटि’ वेगळी आणि ‘घात’ वेगळा. बहुपदाला आम्ही घात म्हणतो. आजी ज्याला कोटी म्हणतात तो माझ्यासाठी घात आहे.

गणिताच्या निवृत्त शिक्षिका, ग्वाल्हेर
हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. इकडच्या मुलांना तो शब्द दोन दिशांना ओढणार. आणि मराठीत कोटी म्हणजे शंभर लाखही.

जुना प्रोग्रामर, तुकोगंज
‘वेग’ मी मागे घेतो, या मुलीच्या लिस्टने मला पटवलं. जलद झालं पण वाढ तीच, हे ‘वेग’ शब्दात सांगताच येत नाही. ‘वाढीचा दर्जा’ कसं वाटतं? फक्त ‘दर्जा’ ऐकून कुणी चांगला-वाईट समजेल.

डेटाबेसवाली, वडोदरा
मी बोलताना ‘वाढ’च म्हणते: याची वाढ `n` ची, त्याची `n²` ची. कोटीबद्दल आणखी एक शंका आहे. पायथनच्या `sorted()` ची वाढ `n log n` आहे, ती बहुपदीच नाही. तिची कोटी किती सांगायची?

गणिताच्या निवृत्त शिक्षिका, ग्वाल्हेर
एक आणि दोनच्या मध्ये, एवढंच सांगता येईल. आणि तिथे तो आकडा अपुरा पडतो हे मान्य. तरी ‘कोटी’ मी अजून सोडलेला नाही.

शिकाऊ, लोकमान्यनगर, इंदूर
वहीत सध्या ‘वाढ: n²’ आणि ‘वाढ: n’ असं लिहिते आहे. `n log n` ची यादी दुप्पट केली की काम किती पट होतं, ते आज रात्री मोजून बघते.