एसओपीत फसलेला प्रयोग ठेवू का? मदत हवी आहे
अमेरिकेत मायक्रोबायॉलॉजी पीएचडीला अप्लाय करतेय, एसओपी दोन पानांत बसवायचाय. लहानपणीच्या कुतूहलाचं अर्धं पान होतं ते सरळ उडवलं (वाचून मलाच कंटाळा आला). आता सुरुवात एमएस्सी प्रोजेक्टनेच, लोणारच्या पाण्यातल्या बॅक्टेरियाचं प्रोटिएज पीएच १० ला मस्त चालायचं पण डायलिसिस केलं की अ‍ॅक्टिव्हिटी गायब, महिनाभराने कळलं की माझ्याच बफरमधलं ईडीटीए एन्झाइमचं कॅल्शियम ओढून घेतंय, कॅल्शियम परत घातल्यावर बरीचशी आली. सर म्हणतात चूक कशाला सांगतेस, मला वाटतं डोकं कसं चालवलं ते इथेच दिसतं. ठेवू ना? आणि कॅल्शियमविना एन्झाइमची घडी का मोडते हा पुढचा प्रश्न मांडून लगेच तिथेच प्रोफेसरांची नावं घेऊ, की लॅबचा पॅरा वेगळा शेवटी?