‘रिप्लेस ऑल’ मारून डॅश सुधारत नाहीत

कोराकागद: इंग्रजी मजकुरातले एम डॅश, हायफन आणि तीन टिंबं तपासत बसणं म्हणजे वेळ घालवणं. वाचकाला अर्थ कळतोच. फारच वाटलं तर शेवटी एकदा ‘रिप्लेस ऑल’ मारा, विषय संपला.

प्रूफघर: असंच कुणीतरी मारलेलं ‘रिप्लेस ऑल’ निस्तरायला मी दोन रात्री जागलोय, म्हणून सविस्तर लिहितो. तीन लेखकांचा इंग्रजी अहवाल होता. पहिल्या प्रकरणात शब्दांना चिकटलेला लांब एम डॅश (—), दुसऱ्यात दोन्हीकडे जागा सोडलेला मधला एन डॅश (–), तिसऱ्यात नुसता हायफन. तिघांपैकी कुणीच हे ठरवून केलं नव्हतं. वर्डमध्ये शब्दांना चिकटून दोन हायफन टंकले की एम डॅश होतो, जागा सोडून एकच टंकला की एन डॅश. बाहेरून आणून चिकटवलेला मजकूर मात्र जसा असेल तसाच राहतो.

माझ्याआधी फाइल ज्यांच्याकडे होती, त्यांनी आकड्यांमधले सगळे हायफन एका दमात एन डॅश करून टाकले. पृष्ठांक आणि १९१४–१८ सारखी सालं सुधारली, पण दुव्यांमध्ये ज्या तारखा होत्या त्याही बदलल्या आणि ते दुवे उघडेनात. नजरेला दोन्ही रेघा सारख्याच दिसतात, त्यामुळे दुवा उघडून पाहीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून आधी शैली ठरवायची आणि मग प्रत्येक चिन्ह वेगवेगळं शोधायचं. वर्डच्या शोधात `^+` म्हणजे एम डॅश, `^=` म्हणजे एन डॅश. दोन्ही बाजूंना जागा असलेला हायफन तिसऱ्या खेपेला. आकड्यांसाठी ‘यूज वाइल्डकार्ड्स’ चालू करून:

```
Find what:    ([0-9])-([0-9])
Replace with: \1^=\2
```

आणि ‘फाइंड नेक्स्ट’नेच, एकेक जागा पाहत. फोन नंबर, आयएसबीएन, दुवे दिसले की सोडून पुढे जायचं.

शिस्तप्रिय: शैली ठरवायची कसली? एम डॅशच्या बाजूला जागा सोडायची नसते, हा नियम आहे. दुसऱ्या प्रकरणाचा लेखक सरळ चुकला.

प्रूफघर: तो ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ या अमेरिकी शैलीपुस्तकाचा नियम. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या एपी शैलीत एम डॅशच्या दोन्ही बाजूंना जागा असते. ब्रिटनमधले बरेच प्रकाशक एम डॅशऐवजी जागा सोडून एन डॅश वापरतात, ऑक्सफर्डची पुस्तकं मात्र चिकटलेला एम डॅश ठेवतात. दुसरा लेखक चुकला नव्हता, फक्त तिघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं.

शिस्तप्रिय: बरं, जागेपुरतं मान्य. पण ‘फ्रॉम’ लिहून पुढे १९१४–१८ लिहिणं कुठल्याच शैलीत बसत नाही. ‘फ्रॉम’ आला की पुढे ‘टू’च हवा. तुमच्या त्या शोधाने उलट ही चूक पक्की होईल.

प्रूफघर: हे बरोबर आहे. ‘फ्रॉम’ वेगळा शोधावा लागतो.

सांजवात: डॅशवर एवढी चर्चा, तीन टिंबांवर अक्षर नाही! आमच्या साहेबांच्या प्रत्येक इंग्रजी मेलच्या शेवटी तीन टिंबं असतात. सुट्टी मागितली तर उत्तर ‘ओके...’. मी रात्रभर विचार करत बसते की माझं काय चुकलं.

कोराकागद: हेच म्हणतोय. टिंबांनी कुणाचं काही अडत नाही.

सांजवात: अडतं! माझी झोप जाते, हे अडणं नाही का?

उताराकार: मेलमधली टिंबं सोडा, अवतरणातली खरी धोक्याची. माझ्या लेखातलं एक वाक्य कुणीतरी उद्धृत केलं. मी लिहिलं होतं की पद्धत उपयोगी आहे, ‘पण फक्त लहान नमुन्यांसाठी’. तिथेच टिंबं देऊन अट गाळली. चिन्ह अगदी नियमात होतं आणि मी जे म्हटलंच नव्हतं ते माझ्या नावावर चढलं. तेव्हापासून टिंबं दिसली की मी मूळ पान उघडतोच.

शिस्तप्रिय: तो अप्रामाणिकपणा झाला, चिन्हाचा दोष नव्हे. चिन्हापुरतं बोला. वाक्य पूर्ण होऊन मग मजकूर गाळला असेल तर चार टिंबं, पहिलं पूर्णविरामाचं.

उताराकार: तुम्ही टिंबं मोजा. माझ्या तोंडी खोटं वाक्य घातलं गेलं आणि तुम्हाला चौथ्या टिंबाची काळजी!

प्रूफघर: भांडू नका, दोन्ही तपासण्या लागतात. मोजणीत आणखी एक अडचण आहे. वर्ड टंकताना तीन टिंबांचं एकच अक्षर (…) करतं, चिकटवलेल्या मजकुरात तीन सुटी टिंबं राहतात. शिवाय शिकागो पद्धतीने मध्ये जागा सोडल्या, तर ओळीच्या शेवटी दोन टिंबं वर आणि एक खाली जातं. तिथे न तुटणारी जागा घालावी लागते, `Ctrl+Shift+Space`.

कोराकागद: दुव्यांचं मला माहीत नव्हतं. ‘रिप्लेस ऑल’ मागे घेतो. पण एकट्याने लिहिलेल्या चार पानी पत्राला एवढं सगळं लागतं, हे अजूनही पटत नाही.

प्रूफघर: चार पानांना तीन शोध, दहा मिनिटं.

सांजवात: आणि ‘ओके...’चं काय ते कुणीच सांगितलं नाही.