‘मोठा श्वास घे’ म्हणावं की ‘हळू फुंकर घाल’? आणि ‘ग्राउंडिंग’ला मराठीत काय म्हणाल?

नवीपेठ_अभ्यासिका

मी नवी पेठेत एक अभ्यासिका सांभाळतो. साठ खुर्च्या, बहुतेक मुलंमुली स्पर्धा परीक्षेची. गेल्या महिन्यात पूर्वपरीक्षा दहा दिवसांवर असताना संध्याकाळी एक मुलगी जागेवरून उठली आणि दाराशी येऊन म्हणाली, “सर, जीव लई घाबरा होतोय, श्वास पुरत नाही.” आम्ही चौघं तिच्याभोवती जमलो आणि चौघंही एकच सांगत होतो, “मोठा श्वास घे, दीर्घ श्वास घे.” ती बिचारी सांगितलं तसं करत होती. तोंड उघडून, खांदे कानापर्यंत उचलून हवा आत ओढायची, आणि ती पुरती बाहेर जायच्या आत पुढचा श्वास घ्यायची. दोन-तीन मिनिटांत ओठांना मुंग्या आल्या, बोटं ताठ झाली, मनगट आत वळलं. ते पाहून ती आणखी घाबरली आणि आम्हीही.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. ईसीजी ठीक, ऑक्सिजन ९९. डॉक्टर म्हणाले, “हिला हवा कमी पडत नव्हती, जास्त झाली होती.” ते वाक्य डोक्यातून जात नाही. आम्ही चांगल्या मनाने चुकीचा शब्द दिला होता.

आता दाराजवळ एक कागद लावायचा आहे. असं व्हायला लागलं की पहिल्या मिनिटात काय करायचं, एवढंच त्यावर हवं. दोन शब्दांवर अडलोय. ‘दीर्घ श्वास’ ठेवावा का? आणि ‘ग्राउंडिंग’ला, म्हणजे घाबरलेलं मन समोरच्या वस्तूंकडे आणण्याला, काय लिहू?

पाटीपेन्सिल

मी संस्कृत शिकवत होतो, आता निवृत्त आहे. ‘दीर्घ’ शब्दाचा यात दोष नाही. ऱ्हस्व-दीर्घ शिकताना आपण काय मोजतो? मात्रा, म्हणजे वेळ. दीर्घ ईकार हा मोठ्याने म्हटलेला इकार नव्हे, लांबवलेला. श्वासाचंही तसंच. पतंजलींच्या योगसूत्रांत प्राणायामाला ‘दीर्घसूक्ष्म’ म्हटलंय. लांब आणि बारीक, दोन्ही एकदम. आपण ‘दीर्घ’ उचललं आणि ‘सूक्ष्म’ विसरलो. तुमच्याकडे घोटाळा केला तो ‘मोठा’ने.

कागदावर ‘उच्छ्वास लांबवा’ असं शुद्ध लिहावं. मध्ये थोडा कुंभकही सांगावा, मन लगेच स्थिरावतं.

समुपदेशन_कर्वेनगर

सर, ‘दीर्घसूक्ष्म’ फार आवडलं. माझ्या कामात रोज हेच सांगायचं असतं, पण ते एका शब्दात कधी सापडलं नव्हतं. तरी ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटल्यावर ऐकणारा काय करतो ते मी रोज बघते. शाळेत कवायतीला हात वर करून छाती फुगवायची सवय लागलेली असते, तेच तो करतो. शब्द बरोबर असूनही शरीर ‘मोठा’च ऐकतं.

त्या मुलीचं काय झालं ते सांगते. भराभर आणि मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो. तो फार खाली गेला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. नसा आणि स्नायूही जास्त चाळवतात, म्हणून मुंग्या येतात आणि हात वळतो. गंमत अशी की अशा वेळी ‘हवा पुरत नाही’ असंच वाटत राहतं. म्हणून माणूस आणखी ओढतो.

म्हणून कागदावरचं पहिलं क्रियापद ‘घे’ नको, ‘सोड’ हवं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी म्हणते, फुंकर घाला. बशीत गरम चहा ओतलाय आणि तुम्ही त्यावर फुंकर घालताय असं समजा. सायीवर बारीक सुरकुती उठली पाहिजे, पण चहा बशीबाहेर सांडता कामा नये. यात ओठ आपोआप अरुंद होतात, हवा हळू जाते आणि श्वास सोडायला वेळ लागतो. फुंकर संपली की तोंड मिटायचं आणि नाकाने येईल तेवढीच हवा येऊ द्यायची. आपण ओढायची नाही. मनात चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत फुंकर. एका आवर्तनाला साधारण दहा सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला सहा. सुरुवातीला एवढं जमत नाही, तेव्हा तीन आत, चार बाहेर. आकड्यांपेक्षा सोडणं घेण्यापेक्षा लांब असणं महत्त्वाचं, कारण श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात.

चुकतंय हे कसं ओळखायचं? खांदे वर जात असतील, जांभया किंवा उसासे येत असतील, मुंग्या वाढत असतील, तर श्वास अजूनही मोठा आहे. आकडे बदलू नका, घोट लहान करा.

सर, कुंभक मात्र तेव्हा नको. शांत असताना तो छान आहे. पण ज्याला गुदमरल्यासारखं होतंय त्याला श्वास रोखायला सांगितलं की बहुतेक वेळा घबराट वाढते. आणि ‘उच्छ्वास’ कागदावर नको वाटतो. त्या क्षणी जोडाक्षर वाचायचं बळ नसतं.

पाटीपेन्सिल

कुंभकाचं पटलं, मी शांत बसलेल्या साधकाचा विचार करत होतो. ‘उच्छ्वास’चीही एक अडचण मीच सांगतो. मराठीत तो बाहेर जाणारा श्वास, पण वैद्यकाच्या जुन्या संस्कृतात ‘उच्छ्वास-निःश्वास’ अशी जोडी येते आणि तिथे उच्छ्वास आत जाणारा असतो. ‘फुंकर’ला असा घोळ नाही. शिवाय जखमेवर, दुःखावर आपण फुंकरच घालतो.

वायरमनदादा

ग्राउंडिंगला मराठी शब्द कशाला? अर्थिंगच ते. आमच्याकडे जादा करंट जमिनीत सोडतात. माणसाचंही तसंच, सकाळी बागेत गवतावर अनवाणी चालायचं. माझी आई रोज अर्धा तास चालते, तिला बरं वाटतं. अभ्यासिकेत कुंडीत माती ठेवा, पाय ठेवायला.

समुपदेशन_कर्वेनगर

दादा, आईंना बरं वाटतंय तर चालू राहू द्या. पण इथे विचारलंय ते ग्राउंडिंग वेगळं. त्यात जमिनीत काही सोडायचं नसतं. घाबरलेलं मन ‘आता मी मरणार’, ‘सगळ्यांसमोर पडणार’ असं पुढचं पुढचं बघत असतं. त्याला आत्ता समोर असलेल्या वस्तूंकडे आणायचं. पाय फरशीवर आहेत हे जाणवणं त्यात येतं, पण चपला घालूनही चालतं.

भुयारीप्रवासी

मी बोलू का? मला श्वास मोजणं अजिबात जमत नाही. मोजायला लागले की प्रत्येक श्वासावर लक्ष जातं आणि ‘हा कमी पडला’ असं वाटून जास्तच धडधडतं. मी रोज जिल्हा न्यायालयाहून मेट्रोने स्वारगेटला जाते, सगळा मार्ग जमिनीखालून. पहिल्यांदा झालं तेव्हा मंडईला उतरून बाकावर बसून राहिले होते.

आता पोटात खड्डा पडला की मी उभ्या दांड्याला हात लावते. तो गार असतो. मग मनात नावं घेते, पण नुसती ‘बॅग, बूट’ अशी नाही. ‘समोरच्या काकांच्या पिशवीचा एक बंद सुतळीने बांधलाय, पिशवीतून कोथिंबिरीच्या काड्या दिसतायत’, इतकं बारीक. मग तीन आवाज. चाकांचा, दाराचा, पुढच्या स्थानकाच्या घोषणेचा. वासापर्यंत यायच्या आत बहुतेक वेळा लाट उतरलेली असते. पाच दिसणाऱ्या, चार स्पर्शाच्या असं शिकवलं होतं, पण मला आकडे आठवत नाहीत आणि त्याने काही बिघडत नाही.

मी याला ‘भानावर येणं’ म्हणते.

ओटीवरची

‘भानावर ये’ कागदावर नको. आमच्याकडे ते ओरडताना म्हणतात. “भानावर आहेस का?” म्हणजे तू मूर्खासारखा वागतोयस. आणि घाबरलेला माणूस बेभान कुठे असतो? त्याला सगळं जरा जास्तच कळत असतं.

‘थाऱ्यावर’ कसं वाटतं? आपण म्हणतोच, चित्त थाऱ्यावर नाही. थारा म्हणजे टेकायला जागा. ‘मन थाऱ्यावर आण’ यात जमीनही आली आणि आधारही.

भुयारीप्रवासी

‘थाऱ्यावर’ वाचूनच बरं वाटलं. पण माझ्या भाच्याला विचारलं, तो अकरावीत आहे, त्याला माहीत नाही.

समुपदेशन_कर्वेनगर

तुमचा अनुभव अनेकांचा आहे. श्वासाकडे लक्ष दिलं की ज्यांना वाढतं, त्यांनी आधी वस्तू, मग जमलं तर फुंकर. ‘बारीक वर्णन’ हे तुम्ही अगदी नेमकं सांगितलंत. नुसती यादी मन सवयीने म्हणून टाकतं आणि भीती शेजारी चालूच राहते. सुतळी बघायला मात्र खरंच बघावं लागतं.

एक गोष्ट आमच्या क्षेत्रातही मिटलेली नाही. माझे काही सहकारी श्वासाचं तंत्र शिकवतच नाहीत. त्यांचं म्हणणं, असा पॅनिक अटॅक बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत शिखर गाठून उतरतोच, आणि ‘मी फुंकर घातली म्हणून वाचले’ असं मनात बसलं की माणूस फुंकरीलाच चिकटतो. मी शिकवते, पण ‘गेला का, गेला का’ असं तपासू नका हेही सांगते. तो घालवायचा नसतो, उतरेपर्यंत त्यात वाढ करायची नसते.

नवीपेठ_अभ्यासिका

‘पॅनिक अटॅक’ला ‘भीतीचा झटका’ लिहिलं होतं, पण ‘झटका’ म्हटलं की मुलांना हृदयविकार आठवतो. म्हणून वर ‘जीव घाबरा होतोय?’ असं लिहितो. ती मुलगी तेच म्हणाली होती. मसुदा असा:

*जीव घाबरा होतोय? बस. पाठ टेकव, दोन्ही पाय फरशीवर टेकव. आधी श्वास सोड: गरम चहावर घालतो तशी हळू फुंकर, सहा मोजेपर्यंत. मग तोंड मिट, नाकाने थोडाच श्वास येऊ दे. असं पाच मिनिटं. मोजणं नको वाटलं तर समोरची एक वस्तू बघ आणि तिचं बारीक वर्णन कर.*

*जवळ असाल तर: गर्दी करू नका. “मोठा श्वास घे” म्हणू नका. तुम्हीच तिच्यासमोर हळू फुंकर घाला.*

समुपदेशन_कर्वेनगर

उत्तम. खाली दोन ओळी हव्यातच. पहिल्यांदाच होत असेल, छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दम्याची शिट्टी ऐकू येत असेल, शुद्ध हरपली, तर फुंकरीत वेळ न घालवता १०८. आणि तोंडाला कागदी पिशवी लावायची नाही. दमा किंवा हृदयाचं दुखणं असेल तर ती जिवावर बेतू शकते. वारंवार होत असेल त्यांच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहा, मराठीत बोलता येतं. हो, आणि फुंकर रोज एकदा शांत असताना घालून बघायला सांगा. ऐन वेळी पहिल्यांदा करून ती जमत नाही.

पाटीपेन्सिल

‘थाऱ्यावर’ का गाळलंत?

नवीपेठ_अभ्यासिका

काल मसुदा त्या मुलीलाच वाचायला दिला. ती परत येते अभ्यासाला, दाराजवळची जागा मागून घेतली आहे. ‘थाऱ्यावर’ तिला लगेच कळलं, तिची आजी म्हणते. शेजारी बसणाऱ्या पुण्यातल्या दोघांना कळलं नाही. तिनेच सांगितलं, “सर, शब्द राहू द्या, ‘पाय टेकव’ पुरेसं आहे.” मग एक गोष्ट वाढवायला सांगितली. ‘हात वळला तरी परत सरळ होतो’ हे लिहा म्हणाली, तेव्हा ते कुणी सांगितलं नव्हतं.

ओटीवरची

ते सगळ्यात वर लिहा. ‘थाऱ्यावर’चं मी अजून सोडलेलं नाही.