हेल्पडेस्कवर बिघाड, मागणी आणि मूळ कारण: तीन कप्पे हवेत की एकच रांग पुरे?

खाडीपल्याड: आंबा प्रक्रिया कारखाना रत्नागिरीत, संकलन केंद्रं देवगड, राजापूर, गुहागर धरून सहा. आयटीला तिघं. तिकिटं GLPI मध्ये. मे महिन्यात ‘केंद्राची लाइन बंद’ अशी १४ तिकिटं आली, बहुतेक २० मिनिटांत बंद झाली, साहेब आकड्यांवर खूश. आता एक जण म्हणतो, बिघाड, मागण्या आणि मूळ कारणं वेगळी ठेवा. तिघांना एवढं सोवळं कशाला?

कातळावर: नकोच. तिकीट उघडलं की आधी ते कुठल्या कप्प्यात टाकायचं यावर वाद, मग काम. एकच रांग ठेवा, टॅग लावा, हवं तेव्हा टॅगवर शोधा.

माडाखाली: टॅगने तिकीट सापडतं, पण ते बंद कधी करायचं हे टॅग सांगत नाही. लाइन परत आली की बिघाडाचं तिकीट बंद. तुमची १४ तशीच बंद झाली, त्यात चूक नाही. पण पंधरावं येऊ नये म्हणून कोण काय बघतंय, याची नोंदच कुठे नाही. GLPI मध्ये तिकिटाला Incident किंवा Request असा प्रकार देता येतो, मूळ कारणासाठीची Problem मात्र स्वतंत्र नोंद असते. एक Problem उघडा, चौदाही त्याला जोडा आणि लाइन दर वेळी नेमकं काय केल्यावर सुरू झाली, तेवढंच ओळीने वाचा.

ओहोटी: सोपा नियम आहे, तेच तिकीट तीनदा आलं की त्याचाच Problem करून टाकायचा.

माडाखाली: मोजणं बरोबर, ‘करून टाकायचा’ चूक. केंद्रावरच्या माणसाला लाइन हवी आहे, तुमचा शोध नव्हे. त्याचंच तिकीट शोधासाठी उघडं ठेवलं तर घड्याळ चालू राहतं आणि वेळेचा हिशेब बिघडतो. त्याचं तिकीट वेळेवर बंद करा, शोध वेगळ्या नोंदीवर. शिवाय तीनचा आकडा फक्त खूण आहे. सर्व्हर एकदाच बसला आणि कारण कळलं नाही, तर तिसऱ्या वेळेची वाट कशाला बघायची?

शिडाचं_पडाव: आम्ही ‘प्रॉब्लेम’ नावाची सगळ्यात तातडीची रांग केली होती. फोन करणारा प्रत्येक जण ‘प्रॉब्लेम झालाय’ असंच म्हणतो, त्यामुळे आठवड्यात सगळं तिकडेच. टोनर संपला तोसुद्धा.

माडाखाली: तातडीचा आणि याचा संबंध नाही. मूळ कारणाचं काम बरेचदा सावकाशीचंच असतं. त्या नोंदीला ‘मूळ कारण’ म्हणा, आणि ती फोन करणाऱ्याला दाखवूच नका.

खाडीपल्याड: जोडून वाचलं. तीन वेळा केबल तुटली होती. उरलेल्या ११ मध्ये एकच उपाय लिहिलाय, ‘राउटरची तारीख हाताने लावली’. अकराही वेळा आधी वीज गेली होती. लॉगमध्ये हे:

```
VERIFY ERROR: depth=1, error=certificate is not yet valid
```

माडाखाली: मग सापडलं. स्वस्त राउटरच्या घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली की तारीख मागे जाते. त्या तारखेला प्रमाणपत्राची मुदतच सुरू झालेली नसते, म्हणून केंद्र आणि कारखान्यामधला व्हीपीएन टनेल जुळत नाही. वेळेचा सर्व्हर कारखान्यातला दिलाय का बघा. असेल तर त्याच्यापर्यंत पोचायला टनेल हवा, आणि टनेलला बरोबर वेळ हवी. राउटरला बाहेरचा `in.pool.ntp.org` द्या. डीएनएसही टनेलबाहेरचा द्या, नाहीतर ते नाव उलगडणारच नाही. मग राउटरची वीज काढा, पाच मिनिटांनी लावा आणि हात न लावता टनेल येतो का बघा. सहाही केंद्रांवर हे झालं, पुढे काही वेळा वीज जाऊनही तारखेचं तिकीट आलं नाही, तरच Problem बंद. तोवर तारीख लावायच्या पायऱ्या त्या नोंदीवर लिहून ठेवा, ड्युटीवर कोणीही असलं तरी अडणार नाही.

कातळावर: एवढं मान्य, मूळ कारण वेगळं ठेवा. मागण्या वेगळ्या कशाला?

माडाखाली: हंगामी माणसांच्या २५ लॉगिनना व्यवस्थापकाची मंजुरी लागते. दोन दिवस तिकीट मंजुरीत अडकलेलं असतं, तुमच्याकडे नाही. बिघाडाबरोबर मोजलं तर सरासरी फुगते. उलट टोनरसारख्या पाच मिनिटांच्या मागण्या ती घटवतात आणि साहेब पुन्हा खूश. मागणीला वेगळी मुदत, मंजुरीच्या काळात घड्याळ थांबलेलं, इतकं पुरे.

ओहोटी: आणि पासवर्ड विसरला? माणूस कामाला लागू शकत नाही, म्हणजे बिघाडच की.

कातळावर: यंत्रणा धड आहे, बिघाड कसला? मागणी.

माडाखाली: मी मागणीत टाकतो, पण मुदत अर्ध्या तासाची. हंगामात वजनकाट्यावरच्या माणसाचा असेल तर बिघाड म्हणा, ट्रक उभे असतात.

ओहोटी: म्हणजे माणूस बघून कप्पा ठरणार? मग नियम कसला?