वाय-फायवर ठरावीक अंतराने पिंग उसळतो: उपाय सुचवावा

माळरान: माझ्या विंडोज लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल चालू असताना साधारण दर मिनिटाला समोरच्याचा आवाज क्षणभर तुटतो आणि ऑनलाइन खेळात त्याच वेळी पात्र जागच्या जागी थबकते. इंटरनेटचा वेग तपासला, तो उत्तम आहे. नवीन राउटर घ्यावा का?

दीपमाळ: शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असणार. ५ गिगाहर्ट्झवर जा, प्रश्न सुटेल.

कोकणकडा: गर्दीमुळे पिंग वाढतो हे खरे, पण तो वेळी-अवेळी वाढतो, घड्याळ लावल्यासारखा नाही. राउटर घेण्याआधी कॉल चालू असताना ही आज्ञा देऊन पाहा (पत्ता आपल्या राउटरचा घालावा):

```
ping -t 192.168.1.1
```

सेकंदाला साधारण एक ओळ येते, त्यामुळे दोन उसळ्यांमधल्या ओळी मोजल्या की अंतर कळते. राउटरपर्यंतच उसळी दिसली, तर इंटरनेट कंपनीचा त्यात दोष नाही.

माळरान: मोजले. एरवी २ ते ४ मिलिसेकंद, आणि सुमारे साठ ओळींनंतर एक-दोन ओळी २०० च्या पुढे. वाय-फायची यादी उघडली की तशीच उसळी लगेच येते.

कोकणकडा: मग लॅपटॉप पार्श्वभूमीवर आसपासची नेटवर्क शोधतो आहे, यात मला शंका वाटत नाही. त्या शोधासाठी रेडिओला आपली वाहिनी सोडून इतर वाहिन्या ऐकाव्या लागतात, आणि तो परत येईपर्यंत तुमची पाकिटे राउटरपाशी खोळंबून राहतात. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून, कॉलपुरता हा शोध बंद करा:

```
netsh wlan set autoconfig enabled=no interface="Wi-Fi"
```

इंटरफेसचे नाव वेगळे असल्यास `netsh wlan show interfaces` मध्ये दिसेल. काम झाल्यावर `enabled=yes` करायला मात्र विसरू नका. कारण शोध बंद असताना जोडणी तुटली तर लॅपटॉप आपोआप पुन्हा जोडला जात नाही आणि नवी नेटवर्कही दिसत नाहीत.

अंगणवेल: आमच्याकडे मुलगा मोठी फाइल चढवू लागला की माझा कॉल अडखळतो. हाच उपाय चालेल का?

कोकणकडा: नाही, ताई. तिथे अपलोडची रांग तुंबते. राउटरमध्ये रांग आवरण्याची सोय असेल तर ती सुरू करावी.

माळरान: शोध बंद करून अर्धा तास कॉल केला, दर मिनिटाची उसळी पूर्ण गेली. परंतु रोज ही आज्ञा देणे गैरसोयीचे आहे.

कोकणकडा: मग आधी विंडोजची स्थान सेवा बंद करून पाहा. ठिकाण ओळखण्यासाठी ती आसपासच्या वाय-फायचा उपयोग करते, त्यामुळे एखादे ॲप सतत ठिकाण विचारत असेल तर शोधही पुन्हा पुन्हा होतो. टेबलावर बसूनच काम असेल, तर केबल सर्वांत भरवशाची.

माळरान: स्थान सेवा बंद केली आणि शोध पुन्हा सुरू ठेवला. उसळ्या विरळ झाल्या आहेत, तरी दहा-बारा मिनिटांनी एखादी येतेच. ती कशामुळे येते, हे अजून उमगलेले नाही.